पत्ते खेळायचे पैसे

"पत्ते खेळायचे पैसे घेता होय?" हे वाक्य मला काल सांगलीत, गणपती पेठेतल्या एका हार्डवेअर दुकानात, भर गिऱ्हाइकीत मालकांकडून ऐकावं लागलं. त्यांच्या वेबसाइटचा मेनू सुटसुटीत करून द्यायचं काम मी घेतलंय.

पत्ते नव्हते ते. एका कार्डावर एक वस्तू: एल्बो, बिजागरी, ताडपत्री. गिऱ्हाइकाने मनाला येईल तसे गठ्ठे लावायचे आणि त्यांना नावं द्यायची; त्यावरून मेनू बेतायचा. माल हजारो प्रकारचा असला तरी कार्डं पन्नासेकच ठेवायची, नाहीतर माणूस कंटाळतो आणि उरलेलं सगळं ‘इतर’मध्ये ढकलतो. मालकांना मुद्दाम बसवलं नाही. ते रॅकवर आहे तसंच लावणार. याचाच राग असावा.

फूटव्हॉल्व्ह न्यायला आलेले एक मामा मात्र चप्पल काढून, मांडी घालून बसले.

"ह्यो विहिरीचा गठ्ठा." त्यात पाईप, फूटव्हॉल्व्ह, दोरखंड, पान्हा.

"मामा, पान्हा हत्यारांत नाही का जाणार?"

"मग विहिरीवर काय दातानं आवळू?"

दुसरा गठ्ठा पावसाआधीचा. तिसरा "मंडळी मागं लागल्याबिगर न घेण्याचा": कडी-कोयंडा, पडद्याचा रॉड, रंगाचा डबा. चौथ्याचं नाव ‘उधारीवर मिळणारं’. इथे मालकांनी गल्ल्यावरून मान वर केली. "ह्यात मोटार पण घाल," मामा मला म्हणाले.

हसायला आलं, पण मामांचं लावणं वेडगळ नव्हतं. शेतकरी बहुतेक कामानुसार लावत होते, प्लंबर मात्र पाईप कोणत्या प्लॅस्टिकचा त्यानुसार: सीपीव्हीसी एकीकडे, यूपीव्हीसी दुसरीकडे. म्हणून पंधराएक जण लागतात. नुसत्या मामांवर मेनू बेतला तर प्लंबर ‘विहीर’ बघून परत जाईल.

गठ्ठे जुळले तरी वस्तू सापडेलच असं नाही, म्हणून नावांची वेगळी परीक्षा. चित्रं नाहीत, शोधायची चौकट नाही, फोनवर नुसती मेनूची उतरंड. प्रश्न असा: नळाच्या आट्यांतून पाणी झिरपतंय, गुंडाळायची पांढरी पट्टी कुठे शोधाल? प्रश्नात ‘टेप’ म्हणायचं नाही, नाहीतर लोक शब्दाला शब्द जुळवतात. तरी बहुतेकांचं पहिलं बोट ‘टेप आणि गम’वरच पडलं. टेफ्लॉन टेप आम्ही ‘प्लंबिंग’मध्ये ठेवली होती. काही जण मागे फिरून तिथे पोचले, म्हणजे सापडली, पण भटकून. ते यश निम्मंच. ती दोन्हीकडे दाखवा, एवढंच माझं म्हणणं.

"टेफ्लॉनला गम असतो का? गिऱ्हाइकच येडं," मालक म्हणाले.

आता येड्या गिऱ्हाइकालाच माल विकायचाय, हे यांना कोणी सांगायचं? माझं निम्मं बिल थकलंय, म्हणून मी तर नाही सांगितलं. शेवटी त्यांनी स्वतःची एकच सुधारणा सुचवली: "‘इतर’ सगळ्यात वर घ्या. आपला जास्त माल त्यातच बसतोय."