निर्णय कुणाला सापडू नये असं इतिवृत्त कसं लिहावं

मंडळाचं कार्यवाहपद तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर अभिनंदन. इंदुरातल्या मराठी मंडळात हे पद कुणी मागून घेत नाही. बैठकीला जो उशिरा येतो किंवा ज्याच्या खिशाला पेन दिसतं, त्याला ते मिळतं. आता दर महिन्याला इतिवृत्त लिहायचं आलं. ते असं लिहायचं की वाचणाऱ्याला बैठक जोरदार झाली एवढं कळावं, पण नक्की काय ठरलं, कुणी करायचं आणि कधीपर्यंत, हे शोधताना त्याने निम्म्यातच वही मिटावी.

पहिलं पथ्य म्हणजे बैठक जशी झाली तशीच उतरवायची. कोण काय म्हणालं, त्यावर कोण काय म्हणालं, मग अध्यक्षांनी सगळ्यांना शांत कसं केलं, सगळं क्रमाने. हेन्री रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी इंजिनिअरने 1876 साली सभेचे नियम पुस्तकात घालून दिले. साध्या संस्थांच्या कार्यवाहाने सभेत काय झालं ते नोंदवावं, कोण काय बोललं ते नव्हे, असं त्यात सांगितलं आहे. रॉबर्टसाहेब कधी सुदामानगरात बैठकीला बसले नसावेत. इथे आपण काय बोललो ते छापून आलं नाही, तर माणूस पुढच्या महिन्यात बैठकीला येत नाही आणि वर्गणीही देत नाही.

एक खरा विषय घेऊन बघू. सभागृहाची गच्ची गळते, नेमकी रंगमंचाच्या वर. विषय एप्रिलच्या बैठकीत आला. दोन कोटेशनं होती, एक 1,38,000 रुपयांचं आणि दुसरं 92,000 चं. पाऊण तास वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: 92,000 चं काम घ्यायचं, पण ठेकेदाराने पाच वर्षांची गॅरंटी कागदावर लिहून दिली तरच. गॅरंटीचा कागद हातात आल्यावर खजिनदारांनी तीस टक्के आगाऊ द्यायचे. काम 31 मेच्या आत संपवायचं, कारण जूनच्या उत्तरार्धात पाऊस इंदुरात पोचतोच.

म्हणजे एका निर्णयाला एक अट, तीन कामं आणि एक तारीख चिकटलेली होती. कच्च्या कार्यवाहाने हे चार ओळींत मांडून सगळ्यांची पंचाईत केली असती. मुरलेल्याने असं लिहिलं:

"सभागृहाच्या गच्चीच्या गळतीबाबत सविस्तर चर्चा झाली. प्राप्त कोटेशनांचा तुलनात्मक विचार करण्यात आला. सदर काम पावसाळ्यापूर्वी करून घ्यावे असे सर्वानुमते ठरले. संबंधितांनी योग्य ती कार्यवाही करावी."

या चार वाक्यांपुढे हात जोडावेत. 'तुलनात्मक विचार' झाला, पण कोणतं कोटेशन घेतलं ते नाही. अट गेली. रक्कम गेली. 'पावसाळ्यापूर्वी' ही तारीख नव्हे, ती पहिली सर पडेपर्यंत टिकते. सगळ्यात मौल्यवान शब्द 'संबंधितांनी'. तो वाचताना प्रत्येकजण खोलीभर नजर फिरवतो आणि संबंधित माणूस दुसराच कुणीतरी निघतो.

पुढे काय व्हायचं ते झालं. खजिनदार चेकबुक घेऊन गॅरंटीच्या कागदाची वाट बघत बसले. गॅरंटी आणायची ती सहकार्यवाहांनी, पण आमच्याकडे सहकार्यवाह दोन आहेत आणि दोघांना वाटलं दुसरा आणतोय. ठेकेदाराला फोन केला की तो म्हणायचा, "हो जाएगा भिया," आणि आगाऊ रकमेची वाट बघायचा. सगळेच आपापल्या जागी बरोबर होते. जूनमध्ये पाणी थेट हार्मोनियमच्या पेटीवर पडलं. मग वही उघडली गेली. सात पानांत गच्ची तीन ठिकाणी सापडली: मागील इतिवृत्ताच्या वाचनात, दिवाळी पहाट गच्चीवर घ्यावी का या चर्चेत, आणि ऐनवेळच्या विषयांत. 92,000 हा आकडा मात्र कुठेच नव्हता. त्यामुळे कोणतं कोटेशन मंजूर झालं होतं यावर जुलैत पुन्हा पाऊण तास वाद झाला. एका गळतीत दोन बैठका निभावल्या, म्हणून सांगतो, कला शिकून घ्या.

जबाबदारी लिहायची वेळ आलीच, तर नाव टाळून पद लिहा. पद शक्यतो असं निवडा की त्यावर दोन माणसं असतील. तेवढ्यानेही भागलं नाही तर 'समिती' लिहा. 'अमुक यांनी तमुक यांच्या सहकार्याने' हाही उत्तम प्रकार आहे, कारण सहकार्य मिळालं नाही असं अमुकला सांगता येतं आणि कुणी मागितलंच नाही असं तमुकला. गैरहजर माणसाच्या नावावर काम टाकणं तर राजमार्ग. त्याला ते कळेपर्यंत मुदत उलटलेली असते.

तारखेच्या बाबतीत 'लवकरात लवकर' आता जुनं झालं. 'सणानंतर' लिहावं. आपल्याकडे एक सण संपतो तोवर दुसरा आलेला असतो, आणि कोणता सण ते लिहिलेलं नसतं.

विषयांना क्रमांक देऊ नका. क्रमांक दिला की पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "मागच्या वेळच्या तिसऱ्याचं काय झालं?" क्रमांक नसला तर त्याला विषय आठवावा लागतो, आणि आठवताना तो पोह्यांकडे वळतो. जुना निर्णय बदलला असेल तर नवा नुसता लिहून टाका, जुना रद्द झाल्याचं लिहू नका. वहीत दोन्ही राहतात आणि ज्याला जो सोयीचा तो तो दाखवतो. 'हे करायचं नाही' असं ठरलं असेल तर ते मुळीच नोंदवू नका. न नोंदवलेला नकार दर चार महिन्यांनी पुन्हा ताजा प्रस्ताव होऊन येतो आणि विषयपत्रिका भरलेली दिसते.

इतिवृत्त पाठवायची घाई नको. कंपन्यांचे हाल बघा. कंपनी कायद्याच्या 118 व्या कलमाप्रमाणे सभा झाल्यापासून 30 दिवसांत इतिवृत्त वहीत चढवावं लागतं, आणि पानांना ओळीने क्रमांकही द्यावे लागतात. आपल्याला आपली नियमावली लागू, आणि तिच्यात किती दिवस लिहिलेत ते बघायला आधी नियमावली सापडायला हवी. तेव्हा पुढच्या बैठकीत, चहा फिरत असताना वाचून दाखवा. आठवडाभरात पाठवलंत तर लोकांना बैठक आठवत असते आणि ते चुका काढतात. महिन्याने त्यांना फक्त पोह्यांवर जीरावन कमी पडल्याचं आठवतं.

आता एका धोक्याची सूचना. आमच्याकडे यंदा एक सहकार्यवाह आल्या. वयाने लहान, दिवसभर ऑफिसात असलीच कामं करतात. ऑगस्टच्या बैठकीचं इतिवृत्त त्यांनी लिहिलं आणि चर्चा चक्क मागच्या पानांवर ढकलली. पहिल्याच पानावर तक्ता. त्यात गच्चीचा विषय असा:

"8/3. गच्चीचं वॉटरप्रूफिंग 92,000 रुपयांच्या कोटेशनप्रमाणे, पाच वर्षांची लेखी गॅरंटी मिळाल्यास. (एप्रिलचा निर्णय कायम, मुदत नवी.)
8/3 क. गॅरंटीचा कागद आणणं. 20 सप्टेंबर.
8/3 ख. कागद मिळाल्यावर तीस टक्के आगाऊ देणं. 25 सप्टेंबर.
8/3 ग. काम करून घेणं. गच्चीवर पाणी तुंबवून 48 तासांत खाली ओल आली नाही, तर पूर्ण. 31 ऑक्टोबर."

क, ख, ग तिन्हींपुढे एकेक नाव. पद नाही, नाव. आणि शेवटी 'स्थिती' नावाचा रकाना, त्यात फक्त 'बाकी' किंवा 'झालं'. आठ म्हणजे आठवी बैठक, तीन म्हणजे तिसरा विषय. मोबाइलवर 8/3 टाकून शोधलं की सगळं बाहेर. बैठक उठण्याआधी बाईंनी हा तक्ता मोठ्याने वाचला. ज्याचं नाव आलं त्याच्याकडे पाहून थांबल्या आणि तो "हो" म्हणाल्यावरच पुढे गेल्या. एक काका त्या दिवशी आले नव्हते. त्यांच्या नावावर काही लिहायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणाल्या, "काकांना आज रात्री फोन करते, ते हो म्हणाले तर लिहीन, नाहीतर माझ्या नावावर ठेवते." अशाने मंडळ कसं चालायचं?

'काम पूर्ण' म्हणजे काय हे आधीच लिहून ठेवणं तर शुद्ध दुष्टपणा. पूर्वी ठेकेदार गच्चीवर काळा थर फासून गेला की काम पूर्ण व्हायचं. आता गच्चीवर पाणी तुंबवून दोन दिवस छताकडे बघत बसायचं.

या तक्त्याला एक उणं अंग आहे, आणि तिथेच तुमची आशा आहे. नुसतं बोलणं झालं आणि काहीच ठरलं नाही, तरी रिकामा तक्ता वाईट दिसतो म्हणून माणसं त्यात काहीबाही भरतात: 'दिवाळी पहाटबाबत विचार करणं', 'सभासदसंख्या वाढवणं'. असल्या ओळी उदारपणे घाला. तीस ओळी झाल्या की गच्ची त्यांत आपोआप हरवते. बाई मात्र त्याही खोडतात. विचार करणं हे काम नाही म्हणतात. कोणत्या दिवसापर्यंत कोणता कागद समोर यायला हवा ते सांगा, नाहीतर चर्चेच्या पानावर जा.

उघड विरोध करू नका, तक्ता लोकांना आवडू लागलाय. त्याचं कौतुक करा आणि मग बारीक सुधारणा सुचवा. तक्ता शेवटच्या पानावर न्यावा, म्हणजे आधी चर्चेचा मान राखला जाईल. नावाच्या रकान्यात दोन नावांची सोय असावी. 'बाकी' हा शब्द जरा लागतो, त्याऐवजी 'प्रगतिपथावर' असावं. तेवढ्यानेही बाई बधल्या नाहीत तर पुढच्या बैठकीत ऐनवेळच्या विषयांत हात वर करा. इतिवृत्ताची ओळ मी आधीच तयार ठेवली आहे: "इतिवृत्ताच्या नमुन्याबाबत साधकबाधक चर्चा झाली. याविषयी अभ्यास करण्यासाठी उपसमिती नेमण्याचे ठरले. सदस्यांची नावे यथावकाश कळवण्यात येतील."