पाहुण्यांचा परिचय: एक छोटा, एक मोठा, दोन्ही बिनकामाचे

मंडळाच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांचा परिचय लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय ना, मग टेन्शन घेऊ नका. पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला चार पानी बायोडेटा तसाच प्रिंट करा, हा झाला मोठा परिचय. छोटा हवा तर त्याचाच पहिला पॅरा ठेवा, बाकी कात्री. वेगळा कशाला लिहायचा, कोण पैसे देणारे?

आता बायोडेटा जन्मापासून सुरू होतो, त्याला तुम्ही तरी काय करणार. रविवार, दादरचा हॉल, पाहुणे म्हणजे ठाण्याहून येणारे बालरोगतज्ज्ञ, त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, त्यामुळे सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू, साडेआठला हॉल रिकामा करायचाय आणि हॉलवाला आत्ताच दारात येऊन घड्याळ बघतोय. सूत्रसंचालिका अर्थातच छोटा कागद उचलते. "डॉक्टरांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत, दहावीला तालुक्यात पहिले." संपलं! चाळीस वर्षं पोरं तपासलेला माणूस तुमच्या स्टेजवर दहावी पास.

काही अतिशहाणे म्हणे छोटा परिचय मुद्दाम वेगळा लिहितात, साठ-सत्तर शब्दांचा, सावकाश वाचला तरी पाऊण मिनिटाच्या आत उरकतो, पाहुणे कोण, आजच्या विषयाशी त्यांचं काय नातं आणि लक्षात राहील असं एकच काम, बस. मोठा अडीचशे शब्दांचा, म्हणजे दोनेक मिनिटं, त्यातही मुख्य काम आधी आणि पुरस्कार नि समित्या शेवटी, म्हणजे मध्येच थांबावं लागलं तरी अडत नाही. पण पुरस्कार मागे ढकलले तर पहिल्या रांगेतल्या वहिनींना काय वाटेल, याचा विचार हे लोक करत नाहीत.

आणि हो, दोन्ही कागदांची शेवटची ओळ एकसारखी ठेवू नका हां. शाल-श्रीफळ घेऊन विंगेत उभे असलेले काका "मी डॉक्टरांना विनंती करते" एवढ्या शब्दांवर कान लावून असतात, छोट्यात ते वाक्यच नसलं की काका तिथेच, डॉक्टर अर्धे उठलेले, फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून, आणि टाळ्या वाजवायच्या का नाही हे कुणालाच कळत नाही. मजा असते.

कागदांवर वर ठळक 'छोटा', 'मोठा' असंही लिहू नका, एकावर 'फायनल' आणि दुसऱ्यावर 'फायनल नवीन' पुरे. वाचणारीला आदल्या दिवशी दोन्ही पाठवायचेही नाहीत, आडनावाचा उच्चार तिला माइकवरच कळू दे.

कुठला वाचायचा हे ठरवताना मात्र प्रास्ताविकाकडे लक्ष द्यायचं नाही. अध्यक्ष त्याच बायोडेटावरून डॉक्टरांबद्दल सगळं सांगून बसलेले असतात, ते ऐकून बाईंनी छोटा उचललाच तर खाली बसूनच हातवारे करून मोठा घ्यायला लावा, चार पानांच्या प्रिंटचे पैसे दिलेत की.