फी लागल्यावरही बोलता येतं

‘क्रेडिट कार्डाची वार्षिक फी माफ व्हायला वर्षात १ लाख खर्चाची अट, माझा खर्च ९८ हजार, फी लागलीच. आता काही होईल का?’

बहुतेक वेळा होतं. आधी बँकेच्या हिशोबाने आकडा किती, ते विचारा. वर्ष बहुधा कार्ड मिळाल्यापासून मोजतात, जानेवारीपासून नाही. परत केलेल्या वस्तूंची रक्कम वजा होते. भाडं, इंधन, वॉलेटमध्ये भरलेले पैसे बऱ्याच कार्डांवर धरतच नाहीत. तुमचे ९८ हजार तिकडे ८५ असू शकतात.

मग सरळ सांगा, ‘फी माफ होणार नसेल तर कार्ड बंद करायचंय.’ कॉल बहुधा दुसऱ्या विभागाकडे जातो, सूट द्यायचे अधिकार तिथेच असतात. पहिली ऑफर साधारण पॉइंट्सची किंवा ‘९० दिवसांत ३० हजार खर्च करा, फी परत’ अशी येते. तो खर्च एरवीही होणार असेल तरच हो म्हणा, नाहीतर निम्मी फी माफ करून मागा. फीवरचा करही परत येणार का, हे विचारा (स्वतःहून कोणी सांगत नाही!) आणि ऑफर मेलवर घ्या. तोवर बिल मात्र फीसकट वेळेवर भरा, नाहीतर व्याज सुरू. माफी नंतर खात्यात जमा होते.