गुडघ्याची पुडी आणि जेवणानंतरची साखर

"रिपोर्टमध्ये साखर वाढली म्हणजे डायबेटिसच. गोड आणि भात बंद केला की उतरते. बाकीच्या तपासण्या म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा." असं बऱ्याचदा ऐकू येतं.

पहिल्या वाक्याला उत्तर म्हणून ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यातली एक केस सांगतो. वर्तकनगरच्या पन्नाशीच्या काकू. उपाशीपोटी साखर 98, दुपारच्या जेवणानंतर 236. एवढी तफावत दिसली की मी आधी औषधांची चौकशी करतो, कारण सकाळी पोटात गेलेलं स्टेरॉइड दुपारी-संध्याकाळी जोर धरतं आणि पहाटेपर्यंत ओसरतं. काकूंचा चेहरा गोल झाला होता, दंडावर न लागताच काळेनिळे डाग होते, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागत होता. "गुडघ्यांसाठी काही घेता का?" विचारल्यावर पर्समधून लेबल नसलेली पुडी निघाली. "आयुर्वेदिक आहे हो डॉक्टर, काही अपाय नाही."

सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तपासलं, ते अगदी कमी आलं. रूप जास्त कॉर्टिसॉलचं आणि आकडा कमी, हे कोडं इथेच सुटतं. बाहेरून, इथे पुडीतून, स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतात. म्हणूनच पुडी एकदम बंद करायची नसते. उलट्या होतात, बीपी कोसळतं, जिवावर बेततं. मोजून स्टेरॉइडची गोळी दिली आणि डोस हळूहळू उतरवत नेला. तोवर साखरेचं औषधही चालू ठेवलं, कारण मूळ कुठलंही असो, 236 शरीराला सोसत नाही.

बाहेरून काहीच घेतलेलं नसेल, तरच शरीर स्वतः जास्त कॉर्टिसॉल बनवतंय का हे बघायचं. रात्री अकराला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची 1 मिलिग्रॅम गोळी, सकाळी आठला रक्त. निरोगी माणसात कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली उतरतं. न उतरल्यास पुढचा तपास.

भाताबद्दल एवढंच, की कॉर्टिसॉल यकृताला साखर बनवायला लावतं आणि इन्सुलिनचा असर कमी करतं. पथ्याने मदत होते, पण मूळ कारण जागेवरच राहतं.

तपासण्यांचं म्हणाल, तर स्वादुपिंडाचं उदाहरण घ्या. पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी परत परत होते, शौच तेलकट, चिकट होते, वजन घटतं आणि त्यातच साखर वाढते, तेव्हा जुनी स्वादुपिंडाची सूज शोधावीच लागते. अशा रुग्णात इन्सुलिनबरोबर साखर सावरणारं ग्लुकॅगॉनही कमी पडतं, त्यामुळे इन्सुलिनचा डोस जरा जास्त झाला तरी साखर धोकादायक खाली जाते. पन्नाशीनंतर नव्याने साखर आणि विनाकारण वजन घट असेल, तर स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी सीटी स्कॅनचा विचार मी लांबवत नाही.

सगळ्यांना हे नको. पोट सुटलेलं, आईवडिलांना मधुमेह, साखर हळूहळू चढत आलेली, अशांना बहुधा नेहमीचाच मधुमेह असतो. त्यांनाही मी गोळ्या, मलमं, सांध्यातली इंजेक्शनं सगळं टेबलावर मांडायला सांगतो.