‘OUR’ निवडलं, तरी १८ डॉलर कमी का पोचले?

परदेशातली फी भरताना फॉर्मवर OUR, म्हणजे ‘सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे’, यावर खूण केली. त्याचे जादा पैसे बँकेनं घेतलेही. तरी अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या खात्यात रक्कम कमीच जमा होते. शाखेत विचारलं की उत्तर मिळतं, ‘समोरच्या बँकेनं कापले असतील.’ एवढ्यावर परत फिरू नका.

समजा, पुण्याहून १२,५०० डॉलर पाठवले. आपल्या बँकेचं न्यूयॉर्कमधल्या एखाद्या बँकेत डॉलर खातं असतं, त्याला नॉस्ट्रो म्हणतात. पैसे तिथून विद्यापीठाच्या बँकेकडे जातात. OUR लिहिलं की मधल्या बँकेनं मूळ रकमेला हात लावायचा नसतो, आपला आकार पाठवणाऱ्या बँकेकडून वेगळा मागायचा असतो. त्यासाठी MT191 हा संदेशही आहे. पण पंधरा-वीस डॉलरांसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा रकमेतूनच कापून पुढे पाठवणं सोपं पडतं. त्यामुळे पूर्ण रक्कम पोचवण्याचं दोन्ही बँकांमध्ये आधी ठरलेलं नसेल, तर OUR ही नुसती सूचना राहते.

कुणी कापलं ते कागदावर दिसतं. आपल्या बँकेकडून स्विफ्ट कॉपी, म्हणजे तिनं पुढे पाठवलेल्या संदेशाची प्रत, घ्या आणि विद्यापीठाला त्यांच्या बँकेत आलेल्या संदेशाचा तपशील मागा. दोन्ही शेजारी ठेवा:

```
निघताना
:32A:250804USD12500,00
:71A:OUR

पोचताना
:32A:250804USD12482,00
:33B:USD12500,00
:71A:SHA
:71F:USD18,00
```

71F म्हणजे वाटेत कापलेला आकार. OUR असताना 71F भरायला संदेशाचे नियमच परवानगी देत नाहीत, म्हणून कापणारी बँक OUR चं SHA, म्हणजे ‘चार्जेस दोघांत वाटून’, करून टाकते. वाद घालायचा तो याच बदलावर. निघतानाच SHA असेल, तर मात्र चूक तुमच्या शाखेची. आणि पोचताना १२,५०० पूर्ण असूनही खात्यात कमी पडले, तर ती विद्यापीठाच्या बँकेची आवक वायरची फी. ती बहुधा OUR मध्ये धरलेलीच नसते.

नोव्हेंबर २०२५ पासून बँकांमध्ये हाच संदेश pacs.008 या रूपात जातो. तिथे OUR च्या जागी DEBT आणि SHA च्या जागी SHAR शोधा.

तक्रार लेखी करा, त्यात UETR हा त्या व्यवहाराची ओळख असलेला ३६ अक्षरांचा क्रमांक द्या आणि स्विफ्टच्या ट्रॅकरमधली कपात दाखवायला सांगा. तूट मधल्या बँकेकडून वसूल करून देणं हे तुमच्या बँकेचं काम आहे, कारण OUR चे पैसे तिनं घेतलेत. तोवर विद्यापीठाची मुदत संपत असेल, तर १८ डॉलरांसाठी दुसरी वायर करू नका, तिचाच खर्च जास्त होईल. विद्यापीठाच्या पोर्टलवर कार्डानं भरता येतात का पाहा.

पुढच्या वेळी फॉर्म देण्याआधी शाखेला एकच प्रश्न विचारा: ‘हे साधं OUR आहे की पूर्ण रकमेची हमी असलेलं?’ काही बँका ‘गॅरंटीड OUR’ किंवा ‘फुल व्हॅल्यू’ या नावानं ही सोय वेगळी फी घेऊन देतात. हमी देता येत नसेल, तर बँकेनं OUR चे पैसे घेण्यापूर्वी तसं फॉर्मवरच छापायला हवं, असं माझं ठाम मत आहे.