२८२ ग्रॅम सोयाबीन

एमएस्सी ॲग्रीच्या पहिल्या वर्षाची मुलं सेमिनार जवळ आला की माझ्या खोलीवर येतात. शिवाजीनगरात पीएचडी करत राहणाऱ्या माणसाच्या नशिबी हे असतंच. हातात पेपरची झेरॉक्स असते आणि ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पिवळ्या हायलायटरने माखलेली असते. सगळंच महत्त्वाचं वाटलं म्हणे.

"सर, सगळा वाचला. पण काहीच कळलं नाही."

पहिल्या पानापासून सरळ वाचत गेलं की हेच होणार. सारांश लिहिताना लेखक नवरदेवासारखा नटलेला असतो, त्याच्याकडून खरी माहिती कशी मिळणार? मी उत्पन्नाचा तक्ता उघडायला लावतो आणि त्याखालच्या दोन बारीक ओळी वाचायला सांगतो: एसईएम आणि सीडी. एसईएम म्हणजे सरासरीची प्रमाणत्रुटी, आणि सीडी म्हणजे दोन सरासरींतला फरक खरा मानायला किमान किती लागतो तो आकडा.

सरावासाठी मी एक पेपर स्वतःच रचून ठेवलाय. तो कोणाचाच नसल्यामुळे त्यावरून कोणी दुखावत नाही. सोयाबीन, आरबीडी पद्धतीची मांडणी, सात ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक ट्रीटमेंट तीन वाफ्यांत. टी-१ कंट्रोल, म्हणजे खतच नाही: हेक्टरी १६ क्विंटल. टी-२ शिफारशीची खतमात्रा: २१.४. टी-७ तीच खतमात्रा आणि वर एका जैव-उत्तेजकाच्या दोन फवारण्या: २४.३. एसईएम १.२, सीडी ३.७. सारांशात मात्र दणक्यात लिहिलंय की फवारणीच्या ट्रीटमेंटमध्ये उत्पन्न ५२ टक्क्यांनी वाढलं.

"बावन्न टक्के!" मुलं हरखतात. गावाकडे वडिलांना फोन लावायच्या बेतात असतात.

कशाच्या तुलनेत, एवढंच मी विचारतो. हिशेब बरोबर आहे, १६ वरून २४.३ म्हणजे ५२ टक्केच. पण ही तुलना खतच न घातलेल्या वाफ्याशी आहे. त्यातला मोठा वाटा खताचा, आणि हार मात्र फवारणीच्या गळ्यात. फवारणीचा हिस्सा बघायचा तर टी-७ मधून टी-२ वजा करायचा: २.९ क्विंटल. सीडी ३.७. फरक सीडीपेक्षा कमी, म्हणजे दोन्ही ट्रीटमेंट ॲट पार. हे वाक्य पेपरात असतं बरं का, फक्त चर्चेच्या तिसऱ्या परिच्छेदात, दुपारच्या झोपेच्या वेळी वाचलं जाईल अशा बेताने ठेवलेलं.

मग मी साहित्य आणि पद्धतीकडे वळवतो. तो भाग सगळ्यांनी गाळलेला असतो. नेट प्लॉट ३.६ बाय २.७ मीटर, म्हणजे पावणेदहा चौरस मीटरही नाही, आमच्या खोलीएवढा. तिथे हेक्टरी २.९ क्विंटल म्हणजे किती दाणे? २८२ ग्रॅम. एवढा फरक एखाद्या ओळीत उगवण कमी झाली, कडेला पाणी साचलं किंवा मळणीत शेंगा फुटून दाणे सांडले तरी पडू शकतो. तीन वाफ्यांची सरासरी काढल्याने हा गोंधळ कमी होतो, संपत नाही. उरलेला किती, ते एसईएम सांगते. शिवाय टी-२ वर नुसत्या पाण्याची फवारणी केली होती का, तेही बघायचं. पावसाने ओढ दिली असेल तर पाण्याचं श्रेय औषध घेऊन जातं.

तक्ता खरा बोलतोय का, हे ताडायचीही सोय आहे. सात ट्रीटमेंट आणि तीन रेप्लिकेशनला एररचे डिग्री ऑफ फ्रीडम बारा. पाच टक्के पातळीला टी-मूल्य २.१८, त्याला दोनच्या वर्गमुळाने आणि एसईएमने गुणलं की सीडी. म्हणजे सीडी एसईएमच्या साधारण तिप्पट यायला हवी. १.२ ला ३.७, जमलं. दुप्पटच निघाली तर एसईएमच्या जागी बहुधा दोन सरासरींच्या फरकाची प्रमाणत्रुटी छापलीय. कुठल्याच पटीत बसत नसेल तर पेपर बाजूला ठेवून चहाला जावं.

"म्हणजे फवारणी बोगस?" एकजण उत्साहात येतो.

इथे मात्र मी लेखकाच्या बाजूने उभा राहतो. ॲट पार म्हणजे फरक नाही असं नव्हे. या प्रयोगाला तो पकडता आला नाही, इतकंच. शेताची चढउतार तेवढीच धरून पाच रेप्लिकेशन घेतली असती, तर सीडी २.७ च्या आसपास आली असती आणि हाच २.९ क्विंटलचा फरक पास झाला असता. तसा प्रयोग दोन-तीन हंगाम झाल्याशिवाय मी फवारणीला बोगस म्हणणार नाही, आणि शेतकऱ्याला बाटली घ्यायलाही सांगणार नाही.

मुलं मान डोलावतात. हायलायटर खिशात जातो. मग दारात थांबून एक जण हळूच विचारतो, "सर, पण पेपर आमच्या गाइडचाच असला तर?"

मी त्याला टी-७ चं अभिनंदन करून मग सीडी वाचायला सांगितलंय.