बादली भरली की ओतून द्या

रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांनो, फेरीचा तक्ता कसा भरायचा हे तुम्हाला कुणी धड शिकवलेलं नसणार. माझं ऐका.

तक्ता खुर्चीत बसूनच भरावा. गुडघे एकदाच मिळतात.

खुणा महिनाभराच्या एकदम करून टाकाव्यात. आमच्या तक्त्यात पंप रूमचं उद्याचं प्रेशरसुद्धा आजच लिहिलेलं असतं, ७ किलो.

पंप रूमपाशी रेंगाळू नये. मी परवा रेंगाळलो, तिथंच फसलो. आगीच्या लाइनमध्ये प्रेशर टिकवणारा छोटा जॉकी पंप २ वाजून १० मिनिटांनी सुरू झाला आणि लगेच थांबला. २ वाजून २२ मिनिटांनी परत, मग २ वाजून ३४ ला. काटा ७ वरून ६ वर उतरायचा, पंप त्याला पुन्हा ७ वर चढवायचा. लाइन धड असेल तर हा पंप तासन्‌तास गप्प असतो. दर बारा मिनिटांनी उठतोय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. पण फेरीला एकदा डोकावणाऱ्याला काटा ६-७ च्या मध्येच दिसणार, म्हणजे ठीकच. पंप किती वेळाने उठतो, याला तक्त्यात रकानाच नाही.

जिने तर चढूच नयेत. मी चढलो. चौथ्या मजल्यावर डक्टच्या दारामागे हायड्रंटचा व्हॉल्व्ह ठिबकत होता आणि खाली बादली. तिच्या आतून क्षाराची पांढरी कड बसलेली, म्हणजे मुक्काम जुना. कुणीतरी ती रोज ओतत होतं. सांगत कुणीच नव्हतं.

सकाळी साहेबांना सांगू नये. मी सांगितलं. "तुला फेरी मारायला ठेवलंय, प्लंबरकी करायला नाही." वर उपायही झाला: पॅनेलवरचा जॉकीचा स्विच ऑटोवरून बंदवर. आवाज गेला, तक्रार मिटली! आता गळतीने प्रेशर उतरतच राहणार, आणखी खाली गेलं की मोठा पंप धडाडणार. आमचा मोठा पंप आपणहून थांबत नाही, हाताने बंद करावा लागतो. दोन रात्री झोपा मोडल्या की त्याचाही स्विच बंद होणार. मग आग लागेल त्या रात्री होज उघडून बघा, थोडं पाणी येईल आणि मग फुस्स.

काल पाहिलं, बादली मोठी आणलीय.

अरे, बादली आणायला पैसे मिळाले, वॉशरला नाही मिळाले? मी व्हॉल्व्हचं चाक पाव फेरा आवळलं तर ठिबक कमी झाली, थांबली नाही. आतला वॉशर गेलाय. बादली ओतणाऱ्या बाबा, नोंदवहीत एक ओळ लिहायला हात मोडले होते का? आणि साहेब, वॉशर बदलून घ्या, तोवर दोन्ही पंप ऑटोवर ठेवा. झोप मोडत असेल तर मोडू दे.